निअर मिस रिपोर्टिंग: कामगार खरंच चिठ्ठी टाकतील अशी सिस्टीम कशी बसवायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

चाकण, भोसरी, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीत फिरा, गेटजवळ किंवा कँटीनच्या भिंतीवर निअर मिसचा, म्हणजे थोडक्यात टळलेल्या अपघातांच्या चिठ्ठ्या टाकायचा, डबा दिसतोच. आत काय असतं ते उघडणाऱ्यालाच माहीत, बऱ्याचदा गुटख्याच्या पुड्या आणि ऑडिटच्या आठवड्यात घाईघाईने भरलेले दहाबारा फॉर्म. इथे जे प्रश्न घेतलेत ते सेफ्टीवाले, सुपरवायझर, युनियनचे लोक आणि छोटे कारखानदार नेहमी विचारतात ते. उदाहरण शेवटपर्यंत एकच धरलंय, प्रेस शॉपमधलं, कारण दहा वेगवेगळी उदाहरणं दिली की डोक्यात एकही राहत नाही.

आधी ते उदाहरण सांगा

समजा एक प्रेस शॉप आहे, ऑटो पार्ट्सचं. नाईट शिफ्ट, पहाटेचे पावणेतीन. २५० टनी प्रेसवर डाय चेंज चाललाय, डाय साधारण दीड टनाचा. वरच्या क्रेनच्या हुकात दोन बेल्ट स्लिंग अडकवलेत, डाय बोल्स्टरपासून, म्हणजे प्रेसच्या खालच्या पाटापासून, अर्धा फूट वर आहे, हेल्पर हाताने ढकलून तो जागेवर आणतोय. डायचा कोपरा एका क्लॅम्प बोल्टला अडकला, एका बाजूची स्लिंग ढिली पडली, हुकाला तोंड बंद करणारा लॅच नव्हता त्यामुळे ढिल्या स्लिंगचा फास हुकातून सटकला आणि डायची एक बाजू धाडकन बोल्स्टरवर बसली. हेल्परने हात दोन सेकंद आधी काढला होता, कारण त्याला कपाळावरचा घाम पुसायचा होता. बस, एवढंच कारण. कोणाला खरचटलं नाही, डायला थोडा डाग पडला, पुन्हा उचलला, लावला, साडेतीनला प्रॉडक्शन सुरू.

आता प्रश्न एवढाच, की सकाळी ही गोष्ट कोणाला कळते का. बहुतेक ठिकाणी चहाच्या वेळी चौघांना कळते आणि तिथेच संपते.

हे निअर मिस की अनसेफ कंडिशन? लॅच नसणं आणि स्लिंग सटकणं वेगवेगळं नाही का?

वेगळं आहे, पण ते वेगळं करायचं काम तुमचं, कामगाराचं नाही. लॅच नसलेला हुक ही धोक्याची परिस्थिती, डाय आपटला हा निअर मिस, हात चिरडला असता तर अपघात. फॉर्मवर "खालीलपैकी प्रकार निवडा" असा रकाना दिला की माणूस तिथेच अडतो, चुकीची टिक केली तर लोक हसतील म्हणून फॉर्म खिशात घालतो आणि तो खिशातच धुतला जातो. जे वाटलं ते लिहून द्या म्हणावं, वर्गवारी ऑफिसात बसून करता येते.

लोक सांगत का नाहीत? आमच्याकडे तर कोणी अडवत नाही

अडवत नाही हे तुमचं म्हणणं. वरच्या हेल्परच्या जागी स्वतःला ठेवून बघा. तो ठेकेदाराचा माणूस आहे, ओडिशाहून आलाय, गेट पास दर महिन्याला रिन्यू होतो. त्याने सांगितलं तर पहिला प्रश्न येणार की तू डायखाली हात का घातलास. दुसरा प्रश्न क्रेन चालवणाऱ्याला, लॅच नसताना लोड उचललाच कसा. म्हणजे सांगणारा स्वतः फसतो आणि सोबतच्यालाही फसवतो, आणि त्या सोबतच्याबरोबरच त्याला खोलीवर जाऊन जेवायचंय. गेटवर मोठ्ठा बोर्ड आहे, "अपघातविरहित दिवस", तो आकडा शून्यावर आणणारा माणूस व्हायची हौस कोणालाच नसते, निअर मिसने तो आकडा बदलत नाही हे त्याला कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि याच्याही वरचं कारण म्हणजे आधी सांगून काही झालेलं नसतं. लॅच तुटलाय हे क्रेन ऑपरेटरने चार महिन्यांपूर्वी तोंडी सांगितलेलं असतं, "बघतो" असं उत्तर मिळालेलं असतं. भीतीपेक्षा हा कंटाळा जास्त घातक, कारण भीती निदान दिसते तरी.

मग फॉर्म कसा असावा?

पोस्टकार्डाएवढा. ए-फोरचा फॉर्म, वर कंपनीचा लोगो, खाली डॉक्युमेंट नंबर आणि रिव्हिजन नंबर, मध्ये चोवीस रकाने, असला फॉर्म ऑडिटरसाठी असतो. शॉपफ्लोरवर उभ्याने, ग्लोव्हज काढून, दोन मिनिटांत भरता येईल असं पाहिजे. चार प्रश्न पुरतात:

कुठे झालं? (मशीन नंबर किंवा जागा)
कधी? (तारीख, शिफ्ट)
काय झालं? (दोन ओळी किंवा चित्र काढा)
काय होऊ शकलं असतं?

चौथा प्रश्न काढू नका, तोच सगळ्यात कामाचा. "डाय खाली बसला" एवढं वाचून ऑफिसातल्या माणसाला काही वाटत नाही, "माझे दोन्ही हात गेले असते" वाचलं की तो खुर्चीतून उठतो.

आमच्या उदाहरणातली चिठ्ठी अशी असेल: "प्रेस ७. रात्र पाळी. डाय लावताना पट्टा हुकातून निघाला, डाय एका बाजूने पडला. हुकला लॅच नाही. हात असता तर गेला असता." झालं. यात मूळ कारण नाही, जबाबदार व्यक्ती नाही, साक्षीदार नाही, सुधारात्मक उपाय नाही, आणि ते नसायलाच पाहिजे. "मूळ कारण लिहा" हा रकाना कामगारासमोर ठेवला की तो तिथे "निष्काळजीपणा" लिहितो, कारण तेच लिहिलं की साहेब खूश होतात हे त्याला वर्षानुवर्षं शिकवलेलं असतं.

भाषा मराठी आणि हिंदी दोन्ही छापा, आणि लिहिताना कुठल्याही भाषेत चालेल असं वरच ठळक लिहा. ज्यांना लिहिणं जमत नाही त्यांच्यासाठी शॉपचा साधा नकाशा छापून ठेवला तर त्यावर बोटाने दाखवून तोंडी सांगता येतं, सेफ्टी कमिटीतला कामगार प्रतिनिधी लिहून घेतो.

नाव मागायचं की नाही?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोक लगेच दोन टोकं पकडतात, एकतर नाव सक्तीचं नाहीतर पूर्ण निनावी. निनावी चिठ्ठीत अडचण अशी की पुढे काही विचारायचं असेल तर विचारणार कोणाला. "क्रेनला प्रॉब्लेम आहे" असं लिहिलंय, कुठल्या क्रेनला, कसला प्रॉब्लेम, शोधत बसा.

यावर विमानवाल्यांनी फार जुनं आणि फार चांगलं उत्तर काढलंय, ते थोडं सविस्तर सांगतो. १ डिसेंबर १९७४ ला अमेरिकेत टीडब्ल्यूए कंपनीचं फ्लाइट ५१४ वॉशिंग्टनजवळच्या डलेस विमानतळावर उतरायला येत असताना व्हर्जिनियातल्या माउंट वेदर डोंगरावर आदळलं, विमानातले सगळे ९२ जण गेले. चौकशीत निघालं की साधारण सहा आठवडे आधी युनायटेड एअरलाइन्सचं एक विमान त्याच मार्गावर त्याच गैरसमजातून तसंच खाली आलं होतं आणि थोडक्यात वाचलं होतं. त्या पायलटने आपल्या कंपनीत ते सांगितलं, कंपनीने आपल्या पायलट लोकांना सावध केलं, पण टीडब्ल्यूएच्या पायलटपर्यंत ते पोचायची वाटच नव्हती. पुढच्या वर्षी सरकारी विमान खात्याने, म्हणजे एफएएने, स्वतःच रिपोर्टिंग सुरू केलं तर पायलट लोकांचा त्यावर विश्वास बसेना, कारण लायसन्स काढून घेणाराही तोच. म्हणून १९७६ मध्ये हे काम नासाकडे दिलं. नासाला कोणाचंही लायसन्स घ्यायचा अधिकार नाही, हीच तिची लायकी.

त्यांच्या फॉर्मवर नाव-पत्त्याची एक पट्टी असते. नासातले लोक गरज पडली तर फोन करून विचारतात आणि मग ती पट्टी तारखेचा शिक्का मारून सांगणाऱ्याला परत पाठवतात, त्यांच्याकडे नाव उरतच नाही. हेच तुम्ही करू शकता, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. चिठ्ठीला खाली फाडता येणारा तुकडा द्या, दोन्हीकडे एकच नंबर. नाव लिहायचं असेल तर तुकड्यावर. चौकशी करून झाली की तुकडा कापून ज्याचा त्याला परत. ज्याला नाव द्यायचंच नाही त्याने नुसता नंबर स्वतःकडे ठेवावा आणि बोर्डावर त्या नंबरसमोर काय झालं ते बघावं. ऑफिसला आणखी माहिती हवी असेल तर बोर्डावरच लिहायचं, "नंबर १२७, कुठली क्रेन ते कळवा", दुसऱ्या दिवशी डब्यात उत्तर पडतं.

चिठ्ठ्या कोणी उघडायच्या?

ज्याच्या हातात हजेरी, ओव्हरटाइम आणि अप्रेझल आहे त्याने नाही. म्हणजे लाइनचा सुपरवायझर नाही आणि शक्यतो एचआर तर नाहीच. दोन किल्ल्या ठेवा, एक सेफ्टी ऑफिसरकडे, एक कामगार प्रतिनिधीकडे, दोघांनी मिळून उघडायचं, रोज, ठरलेल्या वेळी. महिन्यातून एकदा उघडणारा डबा लावूच नका, त्या मधल्या दिवसांत लॅच नसलेला हुक अजून कितीतरी डाय उचलतो. डबा सुपरवायझरच्या केबिनसमोर आणि कॅमेऱ्याखाली लावला असेल तर आधी तो तिथून हलवा. पाणी पिण्याच्या जागेजवळ, कपडे बदलायच्या खोलीत, जिथे माणूस उभा राहिला तर कोणाला काही वाटत नाही अशा जागी.

व्हॉट्सॲप ग्रुप काढला तर?

ग्रुप नको, नंबर चालेल. ग्रुपमध्ये प्लांट हेड असतो, मग खाली "नोटेड सर" आणि अंगठे येतात आणि ज्याने फोटो टाकला त्याचा नंबर सगळ्यांसमोर. सेफ्टीचा एक वेगळा नंबर ठेवा, त्यावर फोटो किंवा व्हॉइस नोट टाकायची, ओडिया, भोजपुरी, मराठवाडी, जे येईल त्यात बोला. व्हॉइस नोटने लिहिण्याची अडचण एका झटक्यात सुटते. ती ऐकणाऱ्याने स्वतः चिठ्ठी भरायची, नंबर द्यायचा, तो नंबर त्या माणसाला कळवायचा आणि मेसेज डिलीट करायचा, आणि डिलीट करतो हे आधीच सांगून ठेवायचं. जिथे मोबाइल आत न्यायला बंदी आहे तिथे अर्थातच हा मार्ग शिफ्ट सुटल्यावरचा, त्यामुळे कागद राहू द्याच.

"नो ब्लेम" म्हणजे काहीही केलं तरी माफ का?

नाही, आणि तसं पोस्टरवर लिहिलंत तर पहिल्याच महिन्यात खोटे पडाल. एखादा दारू पिऊन क्रेनवर चढला, कोणी चिडून मुद्दाम मशीनची तोडफोड केली, किंवा घडलेलं लपवायला खोटी नोंद केली, हे माफीत बसत नाही. नासावाल्या सिस्टीममध्येसुद्धा हद्द आखलेली आहे: चूक मुद्दाम केलेली नसावी, गुन्हा नसावा, अपघात नसावा आणि दहा दिवसांच्या आत रिपोर्ट केलेला असावा, मग दंड किंवा लायसन्स निलंबन माफ. हद्द आधी आणि लेखी, हे महत्त्वाचं. घटना घडल्यावर साहेबांच्या मूडप्रमाणे ठरली की विश्वास संपला.

अवघड असतं ते मधलं. प्रेसवर दोन्ही हातांनी दोन बटणं एकदम दाबली तरच स्ट्रोक येतो, आणि एका ऑपरेटरने एक बटण चिंधीने बांधून ठेवलंय म्हणजे एक हात मोकळा. मुद्दाम केलंय, नियमाविरुद्ध आहे, मेमो द्यायचा? आधी एक प्रश्न विचारा, त्याच्या जागी त्याच्याइतकाच अनुभवी दुसरा माणूस त्याच टार्गेटवर उभा केला तर तो काय करेल. तिन्ही पाळ्यांत फिरून बघा, तिन्हीकडे चिंधी बांधलेली दिसली तर हा एका माणसाचा गुन्हा नाहीच. मग पार्ट हाताने धरल्याशिवाय नीट बसत नाही, लोकेटिंग पिन झिजलीये, तासाला ठरवलेले नग दोन्ही बटणं दाबून होत नाहीत, असलं काहीतरी निघतं. एकाला मेमो देऊन ते सुटत नाही, फक्त पुढच्या वेळी साहेब येताना दिसले की चिंधी खिशात जाते.

एक गोष्ट वेगळी ठेवा. चिठ्ठीतून कळलेल्या गोष्टीवरून कारवाई नाही, हा नियम. तीच गोष्ट सुपरवायझरने राऊंडवर स्वतः पाहिली तर तो त्याच्या नेहमीच्या पद्धतीने बघेल. पण चिठ्ठी वाचून "आज प्रेस ७ वर राऊंड मारूया" असं झालं तर लोकांना दोन दिवसांत कळतं, त्यांना काय मूर्ख समजता काय.

लेखी हमीत काय लिहायचं?

चारपाच ओळी, प्लांट हेडची सही, युनियन असेल तर त्यांचीही, आणि ठेकेदारांची सहीसुद्धा, ती लोक विसरतात. कंपनीने माफ केलं आणि ठेकेदाराने दुसऱ्या दिवशी माणूस बदलला तर हमीला अर्थ काय उरला. म्हणून त्यात स्पष्ट लिहा की चिठ्ठी टाकल्यामुळे कोणाचा गेट पास थांबणार नाही, आणि पुढचे तीन महिने कोणाला काढलंच तर त्याचं कारण सेफ्टी कमिटीसमोर सांगावं लागेल.

कायद्याने काही संरक्षण मिळतं का? उद्या पोलीस केस झाली तर?

कंपनीची हमी ही कंपनीपुरती, कोर्टाला किंवा पोलिसांना ती बांधत नाही, हे लोकांना सरळ सांगा. दुसरं, काही घटना कोणाला लागलं नसलं तरी कळवाव्याच लागतात, कायद्यात त्यांना धोकादायक घटना म्हणतात: क्रेन किंवा उचलायचं साधन कोसळणं, निकामी होणं, दाबाखालचं भांडं फुटणं, स्फोट वगैरे. जुन्या कारखाने अधिनियमातही हे होतं, नव्या सेफ्टी कोडमध्येही आहे. त्यामुळे आमच्या प्रेस ७ सारखी चिठ्ठी आली की सेफ्टी ऑफिसरने आधी हे तपासायचं की ही नुसती आतली बाब आहे की डिशच्या, म्हणजे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाच्या, कार्यालयाला नोटीस द्यायची आहे. निअर मिसच्या डब्यात टाकून ती जबाबदारी टळत नाही.

सुपरवायझरला काय शिकवायचं?

पहिलं वाक्य. खरंच तेवढंच. हेल्पर धावत आला, "साहेब, डाय पडला." उत्तर एक: "तुला कोणी सांगितलं होतं तिथे हात घालायला?" उत्तर दोन: "लागलं नाही ना कोणाला? चल, दाखव." पहिल्या उत्तरानंतर तुमची छापलेली चिठ्ठी, लेखी हमी, पोस्टर, सगळं वाया, कारण आजूबाजूच्या सहा जणांनी ते ऐकलेलं असतं. सुपरवायझरही माणूसच आहे, त्याच्यावर टार्गेट आहे, रात्री तीनला दचकल्यावर तोंडातून शिवी निघते. म्हणून त्याचंही टेन्शन कमी करा. त्याच्या एरियातून जास्त चिठ्ठ्या आल्या म्हणून मीटिंगमध्ये त्याला उभं करून झापायचं बंद करा, नाहीतर तो पद्धतशीरपणे चिठ्ठ्या थांबवेल आणि तुम्हाला पत्ताही लागणार नाही.

चिठ्ठी आल्यावर नेमकं काय करायचं? उदाहरणावरच सांगा

सकाळी डबा उघडला, प्रेस ७ ची चिठ्ठी मिळाली. पहिली चाळणी एकाच प्रश्नाची: यात माणूस मेला असता किंवा कायमचा अधू झाला असता का? इथे उत्तर हो. मग ही चिठ्ठी रांगेत थांबत नाही, त्या क्रेनचा वापर लॅच बसेपर्यंत बंद, दुसऱ्या क्रेनने काम. बाकीच्या, म्हणजे जिन्याची पट्टी निघालीये, कँटीनसमोर पाणी साचतंय, त्या आठवड्यात बघा, घाई नाही.

मग जागेवर जायचं, त्याच पाळीत, म्हणजे रात्री. सेफ्टी ऑफिसर सकाळी दहाला प्रेसजवळ उभा राहिला तर त्याला काहीच दिसत नाही. रात्री गेल्यावर असं दिसतं: लॅच तुटला नव्हता, काढला होता. का काढला? दोन जाड बेल्ट स्लिंगचे फास एका हुकात भरले की लॅच बंदच होत नाही, मध्ये येतो, म्हणून कोणीतरी वाकवला, मग काढून टाकला. दोन फास हुकात का भरतात? कारण वर एकच मोठी रिंग असलेली चार पायांची चेन स्लिंग आहे, तिची एकच रिंग हुकात जाते आणि लॅच मजेत बंद होतो, पण ती टूल रूममध्ये असते. रात्री टूल रूमला कुलूप आणि किल्ली दिवसपाळीच्या स्टोअरकीपरकडे. का? मागे दोनतीन शॅकल चोरीला गेले होते म्हणून. बघा, लॅचपासून निघालो आणि स्टोअरच्या किल्लीपाशी पोचलो, आणि वाटेत कोणीही निष्काळजी भेटला नाही.

उपाय मग आपोआप दिसतात. चेन स्लिंग प्रेसजवळच्या रॅकवर, मागे तिच्या आकाराचा रंगवलेला ठसा म्हणजे जागेवर नसली की लांबून कळतं. लॅच सगळ्या क्रेनना, फक्त प्रेस ७ च्या नाही. आणि डाय जागेवर आणायला हात लावायचा नाही, त्यासाठी लांब दांड्याचा हुक मिळतो तो द्यायचा. याऐवजी "कामगाराला समज दिली, टूलबॉक्स टॉक घेतला" असं लिहून चिठ्ठी बंद झाली असती तर पुढच्या महिन्यात पुन्हा बेल्ट, पुन्हा उघडा हुक.

फीडबॅक किती दिवसांत आणि कसा?

मिळाली, हे चोवीस तासांत. काय ठरलं, हे सात दिवसांत. झालं का, हे होईपर्यंत दर आठवड्याला. डब्याच्या शेजारीच बोर्ड लावा, चिठ्ठीचा नंबर, काय कळलं, काय करतोय, कोण करतोय, कधीपर्यंत. प्रेस ७ ची चिठ्ठी नंबर १४३ असेल तर तिच्यासमोर असं लिहिलेलं असेल: "क्रेनचे लॅच बसवले. चेन स्लिंग रॅकवर ठेवली. लांब हुक मागवलाय, मेंटेनन्स, पुढच्या शनिवारपर्यंत." शनिवारी आला नाही तर तेही लिहा, "आला नाही, सप्लायरने पुढचा बुधवार दिलाय." लोक उशीर समजून घेतात, गप्प बसणं समजून घेत नाहीत.

आणि नाही म्हणायचं असेल तर नाही लिहा, कारणासकट. कोणी लिहिलं की प्रेसच्या मागे नवा रस्ता करा, तर "जागा नाही, पाया बदलावा लागेल, सध्या आरसा लावतो" हे उत्तर आहे. "विचाराधीन" हे उत्तर नाही, ते सरकारी पत्रात शोभतं.

बक्षीस ठेवलं किंवा टार्गेट दिलं तर जास्त चिठ्ठ्या येतील ना?

येतील, पण कसल्या ते बघा. "प्रत्येकाने महिन्याला दोन निअर मिस" असं ठरवलं की २८ तारखेनंतर पूर येतो, एकाच हस्ताक्षरात सहा चिठ्ठ्या, "पाण्याची बाटली वाटेत पडलेली होती, उचलली", "लाइट चालू होता, बंद केला". त्या गर्दीत प्रेस ७ ची चिठ्ठी बुडते. टार्गेट द्यायचंच असेल तर ते व्यवस्थापनाला द्या, आलेल्या चिठ्ठ्यांपैकी किती वेळेत बंद झाल्या याचं. आणि ज्याच्या चिठ्ठीने काहीतरी खरंच बदललं त्याला विचारून, त्याची हरकत नसेल तरच, सगळ्यांसमोर आभार माना. नाव नको म्हणाला तर नंबर वाचा.

३०० निअर मिस, २९ छोटे अपघात, १ मोठा, तो त्रिकोण ट्रेनिंगमध्ये दाखवतात. म्हणजे ३०० चिठ्ठ्या बंद केल्या की मोठा अपघात टळतो?

तो त्रिकोण हाइनरिश या अमेरिकन विमा कंपनीतल्या माणसाने १९३१ मध्ये मांडला. त्या आकड्यांना पंचांगासारखं धरू नका. घसरून पडायच्या ३०० घटना कमी केल्याने क्रेनवरून डाय पडायचा थांबत नाही, दोन्हींची कारणंच वेगळी. म्हणून वर सांगितलेली चाळणी, माणूस मेला असता का, ती आकड्यापेक्षा जास्त कामाची.

सिस्टीमवर विश्वास बसतोय की नाही हे कसं ओळखायचं? आकडा वाढला तर चांगलं की वाईट?

सुरुवातीला वाढला तर चांगलं, आणि हे मॅनेजमेंटला आधीच सांगून ठेवा नाहीतर पहिल्या महिन्याचा ग्राफ बघून घाबरतात. पण नुसता आकडा बघू नका, चिठ्ठ्या वाचा. लोक स्वतःबद्दल लिहायला लागले का, "मी विसरलो", "माझ्याकडून क्लॅम्प ढिला राहिला"? ही सगळ्यात पक्की खूण, कारण सुरुवातीला सगळे दुसऱ्या डिपार्टमेंटबद्दलच लिहितात. रात्रपाळीतून येतात का, ठेकेदाराच्या माणसांकडून येतात का? नावाचा तुकडा भरून देणारे वाढतायत का? आणि उलटी खूण: एखाद्या एरियातून अचानक काहीच येईना. तिथे सगळं छान झालं असं समजू नका, नवीन सुपरवायझर आलाय का, कोणाला मेमो मिळालाय का ते बघा. फर्स्ट एडची वही काढून ताडून बघा, तिथे पट्ट्या लागतायत आणि डबा रिकामा, म्हणजे लोक सांगायचे थांबलेत.

आधी चिठ्ठी आली होती, काही केलं नाही, आणि मग खरंच अपघात झाला. आता?

ती चिठ्ठी लपवायची इच्छा होणार. लपवू नका, फाडू तर अजिबात नका, अर्धा तुकडा कोणाच्यातरी खिशात आहे. उपाय का राहिला त्याची चौकशी अपघाताच्या चौकशीतच घ्या, पैसे मंजूर झाले नाहीत की कोणी वाचलंच नाही. आणि ज्याने ती चिठ्ठी टाकली होती त्याला "तुला माहीत होतं तर काम थांबवलं का नाहीस" असं कोणी म्हणणार नाही हे बघा, असं म्हणणारा एक तरी निघतोच.

आमचं वर्कशॉप पंचवीस माणसांचं आहे, मालक मीच, सुपरवायझर मीच. हे सगळं कसं जमणार?

सगळं करू नका. तुमच्याकडे निनावी काही राहूच शकत नाही, अक्षर बघितलं की कळतं कोणी लिहिलं, त्यामुळे डब्याचं नाटक नको. शनिवारी पगार किंवा उचल द्यायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांना उभं करा आणि पहिली गोष्ट तुम्ही स्वतःची सांगा, या आठवड्यात तुमच्याकडून काय राहिलं. मग विचारा, "अजून कुठे वाचलो?" पहिले तीनचार शनिवार कोणी बोलणार नाही, चालायचंच. एका साध्या वहीत तारीख, काय झालं, काय केलं, तीन रकाने, आणि वही सगळ्यांना उघडता येईल अशी ठेवा. पहिली जी गोष्ट कोणी सांगेल ती सोमवारी दुपारच्या आत दुरुस्त करा, मग ती कितीही फालतू असो, ग्राइंडरचा गार्ड असो नाहीतर सैल झालेला प्लग. आणि त्या आठवड्यात त्या माणसाची कुठल्याही दुसऱ्या कारणावरून खरडपट्टी काढायची वेळ आली तर दोनदा विचार करा, कारण बाकीचे चोवीस जण ते दुसरं कारण मानणार नाहीत.